मदत हवी आहे: आईचे जुने दागिने विकल्यावर कर किती? यादी 1971 ची, व्हॅल्युएशन 2019 चं

सांगलीकर_नि
आईचे दागिने विकायचे आहेत. पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, मंगळसूत्र. आई 2019 मध्ये गेली, तेव्हा व्हॅल्युएशन केलं होतं, 4,52,000 आलं. आजोबांनी लग्नात दिलेल्या दागिन्यांची हाताने लिहिलेली यादीही आहे, त्यात 12 तोळे आणि 2,600 रुपये. सराफ आता 14,60,000 द्यायला तयार आहे. म्हणजे नफा 10,08,000, साडेबारा टक्के 1,26,000 आणि वर सेस. बरोबर ना? या आठवड्यात व्यवहार करायचा आहे, लवकर सांगा.

जुना_करदाता
साडेबारा कशाला? सोनं 36 महिन्यांच्या वर ठेवलं की इंडेक्सेशन घ्यायचं आणि 20 टक्के भरायचे. मी 2022 मध्ये तसंच भरलंय. महागाईचा आकडा लावला की नफा बराच खाली येतो.

हिशोबनीस
ते 23 जुलै 2024 च्या आधीच्या विक्रीला. त्यानंतर सोन्याला इंडेक्सेशन नाही, दर साडेबारा आणि मुदत 24 महिने.
पण सांगलीकर, तुमच्या हिशोबात याहून मोठी गोष्ट अडते. 4,52,000 ही तुमची खरेदी किंमत धरता येत नाही. वारशाने आलेल्या वस्तूला आधीच्या मालकाची किंमत लागते, मृत्यूच्या दिवसाची नाही. आईला दागिने 1971 मध्ये मिळाले, म्हणून तुम्हाला 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य घेता येतं. 2,600 पेक्षा ते कितीतरी जास्त, पण 4,52,000 च्या जवळपासही नाही. काट्यावर नेमकं किती भरलं?

जुना_करदाता
इंडेक्सेशनचा पर्याय ठेवलाय की! गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी फ्लॅट विकताना घेतला.

हिशोबनीस
तो जमीन आणि इमारतीला. दागिन्यांना नाही.

सांगलीकर_नि
काट्यावर 137.6 ग्रॅम. पाटल्यांतली लाख आणि मंगळसूत्राचे मणी काढून 132. कॅरेटमीटरवर 21 कॅरेट दाखवलं. पण यादीत 12 तोळे म्हणजे 120 ग्रॅम आहे, मग वरचे 17 ग्रॅम आले कुठून? बहीण विचारतेय, आणि 2019 चं व्हॅल्युएशन काय फुकट गेलं का?

पेठेतला
आमच्या घरी दुकान होतं म्हणून सांगतो. आजोबांचा तोळा 11.66 ग्रॅमचा. 12 तोळे म्हणजे 140 ग्रॅम. आताच्या बोलीतला 10 ग्रॅमचा तोळा त्या यादीला लावू नका. रोजच्या वापरात पाटल्यांच्या कडा झिजतात, मंगळसूत्राच्या वाट्या घासतात, दोन-अडीच ग्रॅम त्यातच गेले. वजन जुळतंय, ही यादी जपून ठेवा. 21 कॅरेटही साहजिक आहे, जुन्या दागिन्यांत टाका जास्त आणि टाक्याला कस कमी. सराफाने घट किती धरली ते मात्र विचारा.

सांगलीकर_नि
24 कॅरेटला ग्रॅमला 12,900 धरून 2 टक्के घट.

हिशोबनीस
132 ग्रॅम 21 कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं 115.5 ग्रॅम. त्याचे 14,89,950, घट वजा करून 14,60,000, आकडा बसतो.
आता तेच 115.5 ग्रॅम 2001 च्या भावाने मोजा. 24 कॅरेटला 10 ग्रॅमला साधारण 4,300 धरले तर 50,000 च्या आत-बाहेर. नफा झाला 14,10,000. कर 1,76,250, सेस धरून 1,83,300. तुमच्या हिशोबापेक्षा 50,000 हून जास्त. आधी कळलेलं बरं.
नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून 2001 चं प्रमाणपत्र घ्या, आणि दागिने वितळवण्याआधी घ्या. त्यात वस्तूवार वजन, कस आणि फोटो असू द्या. 1 एप्रिल 2001 रविवार होता, म्हणून त्याने कुठल्या दिवसाचा भाव धरला तेही लिहून घ्या. 2019 चा कागद फुकट नाही. किमतीला उपयोग नसला तरी हेच दागिने आईकडून आले, हे त्यावरून दाखवता येतं.

मंजूकाकू
वारशावर कर लागत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंच्या बांगड्या मी घेतल्या, काहीच भरलं नाही.

हिशोबनीस
काकू, मिळाल्यावर लागत नाही, विकल्यावर लागतो. तुम्ही विकल्या नाहीत ना?

मंजूकाकू
विकल्या नाहीत, मोडून नवीन पाटल्या केल्या.

हिशोबनीस
जुनं सराफाला देऊन त्या किमतीत नवीन घेतलं असेल, तर तीही विक्रीच. तेच सोनं आटवून घडवून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. बिल बघा, जुन्या सोन्याची रक्कम वजा दाखवली आहे का.

रोकडा
एवढं डोकं कशाला? रोख घ्या, मोकळे व्हा.

पेठेतला
14 लाख रोख कोण देणार? एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली की घेणाऱ्याला तेवढाच दंड. आणि रोखीने केलेली खरेदी सराफाला स्वतःच्या हिशोबात धरता येत नाही. चांगला सराफ खात्यावरच पैसे देतो.

वकिलीणबाई
बहिणीचा उल्लेख आला म्हणून विचारते. मृत्युपत्र होतं का? वडील आहेत का?

सांगलीकर_नि
मृत्युपत्र नाही. बाबा आहेत, 78 वर्षांचे, पेन्शन आहे. बहीण रत्नागिरीला, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. दागिने माझ्या लॉकरमध्ये आहेत, पैसे माझ्याच खात्यावर येणार. आणि आईने 2011 मध्ये स्वतः घेतलेल्या दोन बांगड्याही आहेत, 20 ग्रॅम, 52,000 चं बिल सापडलंय. त्या या वजनात नाहीत.

वकिलीणबाई
मग हे दागिने तुमच्या एकट्याचे नाहीत. मृत्युपत्र नसताना हिंदू स्त्रीची मालमत्ता नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान जाते. वाटणी झाली नसेल तर तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा.

हिशोबनीस
त्याने कराचा आकडाही बदलतो. प्रत्येकाचा नफा 4,70,000. ताईंना दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे नव्या पद्धतीत 4,00,000 ची मूळ सूट या नफ्यातून वजा होईल. उरलेल्या 70,000 वर 8,750 आणि सेस 350. 12 लाखांपर्यंत कर नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती सवलत या नफ्याला नाही. बाबांची पेन्शन किती त्यावर त्यांचं ठरेल. तुमचा पगार असल्याने तुम्हाला पूर्ण साडेबारा, आणि 15 मार्चच्या आत आगाऊ कर. पैसे तिघांच्या खात्यांवर वेगवेगळे यायला हवेत.
बांगड्यांना 2001 चा भाव लागणार नाही, बिलाचे 52,000 हीच किंमत. पण ग्रॅममागे ती जुन्या दागिन्यांच्या सातपट आहे. सगळे पैसे लगेच नको असतील तर आधी बांगड्या विका.

रोकडा
मग सगळंच ताईंच्या नावावर दाखवा की!

वकिलीणबाई
हिस्सा खरोखर तिचा आणि पैसेही तिच्याकडे राहणार असतील तरच. तिच्या खात्यावरून दुसऱ्या दिवशी भावाकडे परत आले तर उत्तर काय देणार?

जुना_करदाता
मी म्हणतो विकूच नका. सोनेतारण कर्ज घ्या, त्यावर कर नाही.

सांगलीकर_नि
कर्ज नको. पण 2019 मध्येच बाबा आणि ताई तोंडी म्हणाले होते की दागिने तुझे. कागद नाही. ही वाटणी झाली असं धरतात का? तसं असेल तर 14,10,000 सगळे माझ्याच नावावर येतात.

वकिलीणबाई
तोंडी वाटणी मानली जाऊ शकते, पण त्या तारखेचं काहीतरी लागेल. 2019 चं व्हॅल्युएशन कोणाच्या नावाने केलं होतं?

सांगलीकर_नि
बघून सांगतो. कागद बाबांकडे आहे.