प्रतिसाद: लघवीतला फेस आणि प्रोटीन

"बाबांच्या लघवीला फेस येतो, लघवी तपासायच्या पट्टीवर प्रोटीन 1+ आलं. किडनी गेली का?"

नाही हो ताई, एका पट्टीवरून असं ठरत नाही. जोरात धार पडली की फेस होतो, तो थोड्या वेळात विरतो, रोज येऊन बराच वेळ टिकत असेल तर मात्र तपासायलाच हवं. पट्टी फक्त लघवीत प्रोटीन किती दाट आहे ते दाखवते, त्यामुळे इंदूरच्या मे महिन्यात दिवसभर दुकानात बसून पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते आणि पट्टी जास्त रंग धरते. म्हणून लॅबला प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करायला सांगा, सकाळच्या पहिल्या लघवीवर. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीतून रोज साधारण सारखाच बाहेर पडणारा टाकाऊ घटक, त्याने भागलं की लघवी गडद की पातळ याचा फरक निघून जातो.

समजा प्रोटीन 30 मिग्रॅ प्रति डेसिलिटर आलं. गडद लघवीत क्रिएटिनिन 250 असेल तर रेशो 0.12, म्हणजे नॉर्मल (0.15 च्या आत). पण पातळ लघवीत क्रिएटिनिन 40 असेल तर 0.75, म्हणजे प्रोटीन खरंच जातंय!

ताप, युरिन इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशी जड व्यायाम असेल तर तात्पुरतं वाढतं, तेव्हा थांबून परत करा. शुगर-बीपी असेल तर अल्ब्युमिन या एका प्रोटीनचा क्रिएटिनिनशी रेशो घ्या, सुरुवातीची गळती त्यात लवकर दिसते. तीन महिन्यांनीही वाढलेलंच राहिलं तर किडनीचा जुना आजार धरतात. पायाला, डोळ्यांभोवती सूज असेल तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.