महिला सभेत बँकेबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, काय घेऊ आणि काय सोडू?

निंबोळी: ग्रामसंघाच्या सभेत मला दहा मिनिटं दिली आहेत. पिन, खोटे फोन, पासबुक असे तीन विषय. साठेक बायका असतील, निम्म्यांना वाचता येत नाही. मागच्या सभेत एका साहेबांनी पत्रक वाचून दाखवलं आणि अर्ध्या जणी मधेच उठून गेल्या. तसं होऊ नये म्हणून विचारतेय.

जुनी बँकसखी: पिनपासून सुरुवात करू नका, पासबुकापासून करा. आदल्या आठवड्यात निरोप द्या की एंट्री मारून पासबुक घेऊनच या.

मग ही गोष्ट सांगा, माझ्यासमोर घडलेली. एक बाई बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर हजार रुपये काढायला गेली. अंगठा ठेवला, चालवणारा म्हणाला, "सर्व्हर गेला, परत ठेवा." परत ठेवला, हजार मिळाले, घरी आली. तीन महिन्यांनी पासबुक भरलं तर एकाच तारखेला हजाराच्या दोन नोंदी. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा, कधीचा बंद पडलेला, म्हणून मेसेज कुणालाच आला नव्हता.

सर्व्हर खरंच जातो, हेही सांगा, नाहीतर उगाच भांडणं होतात. व्यवहार फसून पैसे कापले गेले, तर ते साधारण पाच दिवसांत परत येतात आणि जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम दिसते. ती दिसली नाही तर पासबुक घेऊन शाखेत लेखी तक्रार करायची. आणि "परत ठेवा" म्हटलं की आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची. अंगठ्याच्या व्यवहाराला पिन लागत नाही, तिथे अंगठा हाच पिन.

निंबोळी: पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नोंदी कशा ओळखायच्या?

जुनी बँकसखी: आकडे बहुतेकींना कळतात, नोटा रोज हाताळतात. पैसे काढले त्या दिवशी कॅलेंडरवर रेघ मारायची. महिनाअखेर रेघा मोजायच्या आणि काढल्याच्या रकान्यातल्या नोंदी मोजायच्या. नोंदी जास्त निघाल्या तर विचारायला जायचं. एक मात्र आधीच सांगून ठेवा: वीस रुपये आणि चारशे छत्तीस रुपये वर्षातून एकदा कापलेले दिसले तर बहुधा ते विम्याचे असतात. विमा आपण सांगितलाच नसेल तर शाखेत अर्ज देऊन बंद करता येतो.

रानवाट: एवढ्या भानगडीत कशाला पडता? तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे भरून देते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तेवढं सांगा.

जुनी बँकसखी: तीन दिवसांचं खरं आहे, पण अर्धंच. २०१७च्या परिपत्रकात ते संरक्षण चूक ना बँकेची ना आपली, अशा वेळी आहे, आणि दिवस कामकाजाचे मोजायचे. आपणच फोनवर पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर पुढे गेलं ते बँकेचं. म्हणून फसलेल्या बाईला "आता काय उपयोग" म्हणू नका, त्याच मिनिटाला बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा.

पाचवी गल्ली: आमच्याकडे पासबुक छापायचं मशीन सारखं बंद असतं. त्यावर कुठे तक्रार करतात?

निंबोळी: माझा प्रश्न तो नाही हो, पण आमच्याकडेही तेच आहे.

जुनी बँकसखी: काउंटरवर भरून मागा. तोवर बहुतेक केंद्रांवर शेवटच्या काही व्यवहारांची चिठ्ठी मिळते. फक्त तिलाही अंगठा लागतो, म्हणून चिठ्ठीवर रक्कम काढल्याची नोंद नाही ना, ते तिथेच बघायचं.

मोगरावेल: खोट्या फोनचं सांगू नका, करून दाखवा. आम्ही केलं होतं. एकीने भिंतीआडून फोन लावला: "लाडकी बहीणचं ई-केवायसी अडकलंय, आज नाही केलं तर हप्ता बंद. मोबाईलवर आकडा आलाय तो वाचा." समोरची गटाची सचिव, तिला हे नाटक आहे ते माहीत होतं, तरी दोन आकडे बोलून गेली! हशा पिकला. मग दुसरा फोन, "पाच हजार पाठवतोय, घ्यायला पिन टाका." इथे थांबून विचारलं, पैसे येताना पिन लागतो का? मागून एक आजी ओरडल्या, "लग्नात आहेर घेताना कुणी चावी मागतं का?" आमचं भाषण तिथेच झालं.

निंबोळी: आजींचं वाक्य चोरतेय! आता पिनचं. माझ्याच सासूबाईंना एटीएम चालवता येत नाही, पिन नातवाला माहीत आहे. "कुणालाही सांगू नका" असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

रानवाट: घरच्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

जुनी बँकसखी: बऱ्याच तक्रारी घरातूनच निघतात, आणि पिन स्वतः दिलेला असला की बँक हात वर करते. सासूबाईंनी शाखेत जाऊन स्लिपवर अंगठा देऊन पैसे काढले तर पिनची गरजच नाही.

मोगरावेल: शाखा बारा किलोमीटरवर असेल तर? दिवसाची मजुरी बुडते. कार्ड सासूबाईंकडे राहू दे, नातवाने त्यांना सोबत नेऊनच पैसे काढावेत, पावती त्यांच्या हातात. आम्ही एवढ्यावर भागवलं.

जुनी बँकसखी: मला हे पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाहीये.

निंबोळी: मग सभेत हाच प्रश्न बायकांसमोर टाकते, बघू काय म्हणतात. पासबुकाचा निरोप आज संध्याकाळीच पाठवते.