जजमेंट: शेवटच्या बोलीचा पेच

«वाटणाऱ्याला हवा तो आकडा सांगता येत नाही. मग एक वाढवावा की कमी करावा?»

हात पक्का की डळमळीत, यावर ते ठरतं. चवथीला डिचोलीत आम्ही रात्रभर खेळतो, तिथलाच एक डाव सांगतो. चौघे, प्रत्येकी ५ पानं, हुकूम बदाम. वाटणारा मी. आपण किती हात करणार, ते आधीच्या तिघांनी २, १, १ असं सांगितलं. बेरीज ४, आणि शेवटच्या बोलीने ती पाच हातांइतकी होता कामा नये, म्हणजे मला १ बंद. माझ्याकडे बदाम गुलाम, चौकट सत्ती-तिर्री, इस्पिक पंजी-दुर्री. गुलामावर एक हात होईल असं वाटत होतं, पण त्याच्यावर तीन पानं बाहेर असू शकतात. दुसरा हात कुठून आणणार? शून्य सांगितलं.

पहिली उतारी दोनवाल्याची, बदाम राजा. वाटणारा शेवटी खेळतो, त्यामुळे गुलाम निर्धास्त त्याच्याखाली टाकला. उरलेली बारकी पानं निघून गेली आणि शून्य साधलं.

गुलामाच्या जागी हुकमाचा एक्का असता तर मात्र शून्य कधीच सांगितलं नसतं. तो कशाखाली लपत नाही, आणि हुकूम उतरला की टाकावाच लागतो. तेव्हा २ सांगायचे. बेरीज ६ होते, सगळेच हातांसाठी झगडतात, म्हणून दुसऱ्या हातासाठी निदान एखादा राजा तरी जवळ हवा.