मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या फीची तारीख आपोआप मागे सरकते

कंदिलवाला
पुण्यात माझी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. १४० सीट आहेत. फीचा हिशोब गूगल शीटमध्ये ठेवतो. मुलांच्या पुढच्या फीची तारीख मागे येते आहे. काल एक मुलगा भांडायलाच आला. प्रवेश ३१ जानेवारीचा, फी वेळच्या वेळी भरलेली, आणि २८ मार्चला फीचा निरोप. म्हणतो, "सर, माझे तीन दिवस कुठे गेले?" मला उत्तर देता आलं नाही. फॉर्म्युला बरोबर आहे, मी तपासलाय. काय करू? जरा लवकर सांगा, सोमवारी अजून पाच-सहा जण येतील.

दगडूशेटची_पेठ
फॉर्म्युला बरोबर आहे म्हणताय, पण लिहिला कुठे आहे? तो टाका की इथे.

निवृत्त_पासबुक
या महिन्याच्या भानगडीतून मीही गेलोय. मोबाइलचा रिचार्ज. महिना म्हणायचं आणि २८ दिवस द्यायचे. वर्षाला १३ रिचार्ज होतात साहेब, १२ नाही! तक्रार केली, कोणी दाद दिली नाही.

कंदिलवाला
काका, माझा प्रश्न रिचार्जचा नाही.
फॉर्म्युला साधा आहे. C मध्ये पुढची तारीख असते. पोरानं फी भरली की शेजारच्या रकान्यात हे करतो आणि आलेली तारीख C वर चिकटवतो:

```
=EDATE(C2,1)
```

बिनघोर
सोपं आहे. EDATE काढून टाका, C2+30 करा. सगळ्यांना सारखे ३० दिवस. कटकट मिटली. माझ्या जिममध्ये चार वर्षं हेच चालतं.

सावली_कुलकर्णीबाई
बिनघोर, कटकट मिटत नाही, फक्त सगळ्यांच्या वाट्याला येते. १० जानेवारी २०२५ ला आलेल्या माणसाला बारा वेळा ३० दिवस मोजून दिलेत तर तो ५ जानेवारी २०२६ ला पोचतो. वर्षात पाच दिवस तुमच्या खिशात. रोजचा माणूस बोलत नाही, एवढंच. आणि जाहिरातीत 'महिना' लिहिला असेल तर तो बोलला की तुम्ही अडकलात.

कंदिलवाला, दोष EDATE चा नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही, म्हणून ते २८ ला थांबतं. ते बरोबरच आहे. पुढच्या वेळी मात्र तुम्ही त्या २८ मध्ये महिना मिळवता. शीटला काय माहीत की हा माणूस मुळात ३१ चा आहे? ते तुम्हीच पुसून टाकलंत. फेब्रुवारीत एकदा २८ वर आलेला माणूस मग कायमचा २८ चा होतो.

ओळखायची खूण सांगते. C रकाना तारखेप्रमाणे लावा. मार्चमध्ये नवे आलेले सोडले तर २९, ३० आणि ३१ तारखेची एकही नोंद दिसणार नाही, आणि २८ ला गर्दी असेल.

कंदिलवाला
ताई, लावून बघितलं. २८ ला सोळा नावं आहेत. एरवी एका तारखेला चार-पाच असतात. २९, ३०, ३१ कोरे. डोकं सुन्न झालं.
पण मग एक सांगा. त्याच मुलाला फेब्रुवारीत गेलेल्या मेलमध्ये फीची तारीख ३ मार्च होती. तेव्हा तारीख पुढे गेली आणि आता मागे आली, असं कसं?

दगडूशेटची_पेठ
थांबा. मेल कुठून जाते? हे आधी का नाही सांगितलं?

कंदिलवाला
त्यात काय सांगायचं. शीटमधूनच जाते. भाच्यानं स्क्रिप्ट लिहून दिलीय. शेवटची फी कधी भरली ते बघते आणि महिन्यानंतरची तारीख टाकून मेल करते.

दगडूशेटची_पेठ
म्हणजे तुमच्याकडे दोन पंचांगं आहेत. शीटचं वेगळं, भाच्याचं वेगळं. स्क्रिप्टमध्ये setMonth शोधा. असं काहीतरी असेल:

```
var d = new Date(2026, 0, 31);
d.setMonth(d.getMonth() + 1);
```

याचं उत्तर २८ फेब्रुवारी येत नाही. जावास्क्रिप्ट '३१ फेब्रुवारी' बनवतं, मग २८ च्या पुढचे तीन दिवस मार्चमध्ये ढकलतं. ३ मार्च. ३० जानेवारीवाल्याला २ मार्च. पीएचपीमध्ये `+1 month` लिहिलं तरी हेच होतं. शीटचं EDATE, पोस्टग्रेसचं interval आणि मायएसक्यूएलचं DATE_ADD महिनाअखेरीला थांबतात. मी एकदा रात्री दोन वाजेपर्यंत याच्यामागे बसलो होतो. दोन सिस्टीमचा हिशोब फक्त ज्यांची तारीख २८ नंतरची, त्यांचाच जुळत नव्हता.

कंदिलवाला
setMonth आहे! दोनदा आहे.
पण मार्चमध्ये शीट आणि मेल दोन्ही २८ च दाखवत होते. म्हणून मला वाटलं आपोआप सुधारलं.

सावली_कुलकर्णीबाई
सुधारलं नाही. त्यानं फी शीटच्या तारखेप्रमाणे २८ फेब्रुवारीला भरली असणार. तिथून दोघंही २८ मार्चच सांगणार. चूक एकसारखी झाली, एवढंच.

लॉजिक_आजोबा
EOMONTH वापरा. महिन्याची शेवटची तारीख देतं. ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल. झालं काम.

सावली_कुलकर्णीबाई
आजोबा, ३१ वाल्यांना चालेल. पण जो ३० नोव्हेंबरला आला, त्याचं काय? तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी आला खरा, पण तो ३० चा माणूस आहे. EOMONTH त्याला ३१ डिसेंबर देईल. एक दिवस फुकट. आणि २९ वाले तर त्यात बसतच नाहीत.

करायचं ते असं. आधीच्या तारखेत महिना मिळवायचाच नाही. प्रवेशाची तारीख B मध्ये ठेवा आणि तिला कधी हात लावू नका. D मध्ये आजवर किती महिन्यांची फी आली तो आकडा. मग C मध्ये:

```
=EDATE($B2,D2)
```

तुमचाच मुलगा घ्या. B मध्ये ३१ जानेवारी. D एक असेल तर २८ फेब्रुवारी, दोन असेल तर ३१ मार्च, तीनला ३० एप्रिल, चारला ३१ मे. दर वेळी मुळापासून मोजलं जातं, त्यामुळे फेब्रुवारीचा डाग मार्चला लागत नाही. त्याची पुढची फी ३१ मार्चला होती. तुम्ही २८ ला मागितलीत. ते तीन दिवस त्याचेच.
आणि मेलच्या स्क्रिप्टला गणित करू देऊ नका. तिनं C वाचावं आणि मेल करावी.

कंदिलवाला
ताई केलं. पण C मध्ये ४६११२ असा आकडा आलाय?? तारीख नाहीच.

दगडूशेटची_पेठ
तो ३१ मार्च २०२६ च आहे, शीट तारखा आतून आकड्यांनी मोजतं. रकाना निवडा आणि Format > Number > Date करा.

कंदिलवाला
आलं. ३१ मार्च दिसलं, जीव भांड्यात पडला.
आता अडचण अशी की B मध्ये मी प्रवेशाची तारीख सगळ्यांची ठेवलेली नाही. जुन्यांची फक्त पावतीपुस्तकात आहे.

सावली_कुलकर्णीबाई
मग पुस्तक उघडा. दुसरा मार्ग नाही. शीटमध्ये २८ लिहिलेल्या सोळांपैकी खरे २८ वाले कोण आणि घसरून आलेले कोण, हे आकड्यावरून कळत नाही. पण फक्त सोळाच पावत्या शोधायच्या आहेत, १४० नाही. आणि जुना मुलगा मागच्या वर्षीचा असेल तर त्याची पहिली पावती काढा, यंदाची नको. तो मागच्याच फेब्रुवारीत घसरलेला असेल.

वकिलीण_तळेगाव
मध्येच बोलते. कायद्यात 'महिना' म्हणजे कॅलेंडरचा महिना, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टपासून. इंग्लंडमध्ये यावरून एक खटला तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेला होता, १९८१ सालचा. नोटीस ३० सप्टेंबरची, मुदत चार महिन्यांची. भाडेकरूनं ३१ जानेवारीला अर्ज केला. तो म्हणाला, सप्टेंबर ३० ला संपतो आणि जानेवारी ३१ ला. न्यायाधीश म्हणाले, तीस तारखेची नोटीस तीस तारखेलाच संपते. एका दिवसानं गेला बिचारा. म्हणजे ताईंचं ३० नोव्हेंबरवाल्याबद्दलचं म्हणणं कोर्टातही टिकेल.

निवृत्त_पासबुक
बघा, कोर्टानंही मान्य केलं की महिना म्हणजे महिना! आणि आमचे २८ दिवस?

दगडूशेटची_पेठ
काका, त्यावर ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढलाय. प्रत्येक कंपनीनं किमान एक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवायचा. आणि ती तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. म्हणजे इथे चाललंय तेच. पण तो प्लॅन तुम्हालाच शोधून घ्यावा लागतो, २८ वाले बंद झालेले नाहीत.

बिनघोर
मी अजूनही म्हणतो, एवढा त्रास कशाला? सगळ्यांची फी एक तारखेला लावा. मधे आलेल्याकडून उरलेल्या दिवसांचे पैसे घ्या.

सावली_कुलकर्णीबाई
हे मात्र चालण्यासारखं आहे. फक्त दिवसाचा दर ठरवून पाटीवर लावा. १२०० रुपये फी असेल तर फेब्रुवारीत दिवस ४२.८६ चा पडतो आणि जानेवारीत ३८.७१ चा. २० फेब्रुवारीला आलेल्याला नऊ दिवसांचे ३८६ की ३४८, यावरून पुन्हा भांडण. शिवाय एक तारखेला १४० पोरं एकाच काउंटरवर.

कंदिलवाला
एक तारीख नको, माझ्याकडे काउंटरला मीच असतो.
सोळा पावत्या काढल्या. पाच खरे २८ चे. अकरा घसरलेले, त्यातला एक २०२४ च्या २९ फेब्रुवारीचा निघाला.
शेवटचं विचारतो. एक जण पाच तारखेची फी नेहमी अकराला भरतो. त्याला पाचच धरू का अकरा?

बिनघोर
अकरा. पैसे आले त्या दिवसापासून.

सावली_कुलकर्णीबाई
त्या सहा दिवसांत त्याची सीट दुसऱ्याला दिली होती का? नसेल तर पाच. दिली असेल तर B मध्ये अकरा लिहा, D पुन्हा एकपासून सुरू करा, आणि त्याला तसं सांगा. ते शीट ठरवू शकत नाही.

बिनघोर
माझ्या जिममध्ये सगळे अकरावालेच आहेत, कोणी कधी बोललं नाही.

कंदिलवाला
सीट दुसऱ्या कोणाला दिली नव्हती, आणि लाइट-पंखा तो येऊन वापरतच होता. विचार करतो. आधी त्या २९ फेब्रुवारीवाल्याला फोन करतो, त्याचा दोन वर्षांचा हिशोब निघेल.