मदत हवी आहे: कृषी सेवा केंद्रांना पाठवायचा मेल फार रेटून लिहिल्यासारखा वाटतोय

पूर्णाकाठ: आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. परभणी, जालन्याच्या खत-औषधांच्या दुकानदारांना खालचा मेल पाठवतोय. उत्तर एकही नाही.

"विषय: शेवटची संधी!!! ५०% सूट फक्त आज. आदरणीय ग्राहक, शेजारी पुढे गेले, तुम्ही अजून वहीतच? उद्या ११ वाजता फोन करतो."

सोबत माहितीपत्रकाची पीडीएफ. काय बदलू?

मोंढ्यावरचा: "आदरणीय ग्राहक" काढून मालकाचं नाव घाला. आणि विषयाच्या आधी Re: टाका, जुनं बोलणं समजून लोक उघडतात.

हिशोबवही: नावाचं बरोबर आहे. Re: मात्र नको. आधी बोलणं झालंच नव्हतं हे मेल उघडताच कळतं, मग पुढचं कोण खरं मानेल?

पूर्णाकाठ, "वहीतच?" हा टोमणा तर लागतोच, वर तो चुकीचाही आहे. अनुदानाचं खत हे लोक पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विकतात. त्यांची खरी डोकेदुखी म्हणजे रॅकच्या मागे राहून मुदत संपणाऱ्या औषधाच्या बाटल्या. ते विकता येत नाही, पैसा अडकतो. मेल तिथून सुरू करा:

"विषय: औषधांच्या मुदतीची यादी, जिंतूरच्या दुकानासाठी

नमस्कार ___राव,
मी परभणीचा ___. खत-औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. तुमचा मेल दुकानाच्या पाटीवरून घेतला. खरेदी नोंदवताना बॅच नंबर आणि मुदत टाकली, की मुदत संपायच्या ६० दिवस आधी त्या मालाची यादी निघते. परतीचं कंपनीशी वेळेत बोलता येतं. पॉस मशीनशी हे जोडलेलं नाही, ती नोंद वेगळीच राहील. वर्षाला ६,००० रुपये, जीएसटी वेगळा.
सध्या मुदतीची नोंद कशी ठेवता? नमुना यादी हवी असेल तर 'पाठवा' एवढंच लिहा. 'नको' लिहिलंत तर पुन्हा मेल येणार नाही."

आकडे तुमचे खरे घाला. जे सॉफ्टवेअर करत नाही तेही लिहायचंच, नाहीतर ते दाखवायला गेल्यावर उघडं पडतं. पीडीएफ काढा, काउंटरवर मोबाईलवर ती कोणी उघडत नाही.

साडीघर_लातूर: आमच्याकडे असे मेल रोज येतात. बंद कसे करायचे?

हिशोबवही: ताई, इथे प्रश्न पाठवणाऱ्याचा आहे. तुम्ही त्या मेलला स्पॅम करा, पुढचे बहुतेक तिकडेच जातील.

पूर्णाकाठ: सूट खरीच आहे, तिचं काय? आणि फोन?

हिशोबवही: खरी असेल तर शेवटची तारीख लिहा, "फक्त आज" नको. उद्या तोच मेल पुन्हा गेला की खोटं उघड होतं. फोन त्यांनी बोलावल्यावरच. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एक आठवण, तीही दोन ओळींची, मग थांबा. मृगाच्या तोंडावर तर पाठवूच नका, बियाण्याला रांग लागलेली असते.

मोंढ्यावरचा: पण किंमत पहिल्याच मेलात? आकडा बघून माणूस पुढचं वाचत नाही.

हिशोबवही: ज्याला परवडत नाही तो तिथेच थांबतो, दोघांचा वेळ वाचतो.

मोंढ्यावरचा: मला नाही पटत. आमच्याकडे माल हातात घेतल्यावरच भाव विचारतात.

पूर्णाकाठ: वीस दुकानांना किंमत लिहून, वीसांना न लिहिता पाठवतो. उत्तरं आली की इथेच टाकतो.