परभणीचं घर, महालक्ष्म्या आणि आईचं "नाही"

प्रेषक: मीनल

सगळ्यांना नमस्कार. घाईत लिहितेय. मागे मी आबांच्या परभणी न सोडण्याच्या हट्टाबद्दल लिहिलं होतं, ते प्रकरण आता उलटं झालंय. आबा तयार झाले, आई अडली.

माझ्या बहिणीच्या, वृषालीच्या बिल्डिंगमध्ये, तिच्या समोरच, तळमजल्यावरचा वन बीएचके रिकामा झालाय. संभाजीनगरात तळमजला आणि लिफ्टची भानगड नाही, हे पुन्हा मिळायचं नाही. भाडं 9 हजार. मालक 31 तारखेपर्यंत थांबतो म्हणाले. फेब्रुवारीत आई मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. परभणीच्या घरात संडास परसात आहे, दोन पायऱ्या उतरून. रात्री आबा बॅटरी घेऊन पुढे आणि आई काठी टेकत मागे. वृषाली दर शनिवारी जाते आणि सोमवारी ऑफिसात पेंगते.

आता आई म्हणते, "महालक्ष्म्या कुठं बसवायच्या? भाड्याच्या घरात का?" मी म्हटलं, अगं यंदा तर तुला उभंही राहवत नाही. तर म्हणाली, "तू तिथं बसून मला काय शिकवायलीस?"

कुणाच्या घरच्या महालक्ष्म्या मूळ घरातून हलवल्या आहेत का? काय केलंत? आईला पटेल असं सांगा.

प्रेषक: विलासकाका

मीनल, एवढा घोळ कशाला? इकडेच आण दोघांना. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी 5 वर्षं राहता येतं. आमच्या मेहुण्यांचे कागद मी स्वतः केले. निदान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो, तो आधी बघून ठेव, या वयाला हप्ता चांगलाच बसतो.

प्रेषक: मीनल

काका, आई परभणीहून संभाजीनगरला यायला तयार नाही. कॅनडाचं काय घेऊन बसलात!

प्रेषक: सुनंदाकाकू

आमच्या लातूरच्या महालक्ष्म्या सासूबाईंनी जिवंतपणी माझ्या मोठ्या जावेच्या हाती दिल्या. मुखवटे, ते बसवायच्या कोठ्या, दोन्ही बाळं, सगळं. ओटी भरली, नारळ दिला आणि म्हणाल्या, आता तुझ्याकडं. जाऊ तेव्हा भाड्याच्याच घरात होती. काही बिघडलं नाही. पण लक्षात ठेव, सुनेकडे दिल्या. लेकीकडे महालक्ष्म्या जात नाहीत, तिला सासरच्या असतात. तुझ्या आईचं अडतंय ते बहुतेक तिथंच.

प्रेषक: प्राजक्ता

आमच्याकडे खड्याच्या गौरी. नदीवरून पाच खडे आणायचे, हलवायचा प्रश्नच येत नाही. डोंबिवलीत आईने चार घरं बदलली, खडे दर वर्षी नवे. मराठवाड्यात एवढी मोठी मांडणी का असते? सोळा भाज्या कोण निवडतं?

प्रेषक: सुनंदाकाकू

प्राजक्ता, सगळी आळी निवडते. महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्याकडे चाळीस पानं उठतात. वन बीएचकेमध्ये ते नाही होणार, आणि आईला ते कळतं. मागच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये पुरणाचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच, त्यावर जास्त बोलत नाही.

प्रेषक: अनिरुद्ध

मुद्द्याचं बोलू या का? मीनल, आधी घराचं बघ. महाराष्ट्रात आई-वडिलांनी मुलांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. आत्ता बक्षीसपत्र करून घे. घर नावावर झालं की पुढचे निर्णय सोपे जातात, विकायचं की ठेवायचं. उद्या आबांना सही करता आली नाही तर काय करणार?

प्रेषक: शरयूताई

मीनल, मी तीस वर्षं इकडच्या वृद्धांच्या वॉर्डात आणि नंतर असिस्टेड लिव्हिंगमध्ये नर्स म्हणून काढली. जन्म अंबाजोगाईचा, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं. जरा सविस्तर लिहिते.

आधी अनिरुद्धचं. 200 रुपयांचं खरं आहे, पण ते फक्त मुद्रांक शुल्क. शहरात त्यावर स्थानिक अधिभार वेगळा लागतो, आणि घर आबांनी स्वतः कमावलेलं आहे की आजोबांचं, त्यात चुलत्यांची नावं आहेत का, हे बघितल्याशिवाय काहीच होत नाही. पण माझी हरकत कायद्याची नाहीच. ज्या महिन्यात तुम्ही म्हाताऱ्या माणसाला घरातून हलवता, त्याच महिन्यात घराच्या कागदावर सही मागितली की तो एकच अर्थ काढतो. मग आबाही फिरतील. कागद करायचाच असेल तर सहा महिन्यांनी, त्यांच्या वकिलासमोर.

आता आई. महालक्ष्म्यांचं कारण खोटं नाही, पण मागे अजून काहीतरी आहे. सुनंदानं बरोबर हेरलं. आपल्याकडे लेकीच्या घरचं पाणी सुद्धा जपून पितात. आई म्हणत असेल, लेकीच्या दारात राहायला गेले असं लोक म्हणतील. हे तिला तोंडानं विचारू नका, ती नाहीच म्हणेल. त्यापेक्षा भाडेकरार आबांच्या नावावर करा आणि 9 हजार आबांच्या पेन्शनमधून त्यांच्या हातानं जाऊ देत. तुम्ही पैसे द्यायचेच असतील तर औषधांचे द्या. दारावर पाटी आबांची. वृषाली समोर राहते, ती शेजारीण. मी इकडे पाहिलंय, ज्यांचं भाडं मुलं भरत होती ते सहा महिन्यांनीही "मी इथं पाहुणा" असंच म्हणत. स्वतः चेक लिहिणारे लवकर रुळले.

मालकाला 31 ला हो म्हणा, पण जायची घाई करू नका. दोन महिन्यांचं भाडं 18 हजार होतं. एवढ्याला यंदाच्या महालक्ष्म्या परभणीत होतील. कोठ्या उभ्या करायला वृषालीचा नवरा आणि आळीतली पोरं, पुरण आईच्या देखरेखीखाली दुसऱ्याच्या हातचं. एकदा तिनं नीट निरोप दिला की हलणं वेगळं वाटतं. जाताना "आठ दिवस जाऊन येऊ" असं खोटं सांगू नका. तारखा सांगा: अमुक तारखेपासून दिवाळीपर्यंत, मग परभणीला येऊन बसून ठरवू. घर विकू नका, किल्ली आबांच्याच कडदोऱ्याला राहू द्या. विसरायचा आजार असता तर मी वेगळं सांगितलं असतं, पण आईचं डोकं शाबूत आहे. शाबूत माणसाला फसवलं की ते कायमचं लक्षात राहतं.

खोली ती यायच्या आधी लावा. परभणीत ती पलंगाच्या उजव्या बाजूनं उतरत असेल तर तिथंही उजव्याच बाजूनं उतरता आलं पाहिजे, आणि तिथून संडास सरळ दिसला पाहिजे. पलंगाची उंची मोजा: ती बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकायला हवेत आणि गुडघे कमरेच्या वर जायला नकोत. जुना सागवानी पलंग न्यायचा असेल तर आधी हे बघा, बरेच खूप उंच असतात. कमोड हवाच, खुब्याच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही. बाथरूमला उंबरा असेल तर तो काढा किंवा उतार करा. ती उंबऱ्यालाच पडली होती ना. वाटेवर रात्रभर दिवा.

शेवटचं, आणि हे वृषालीला पाठव. पहिले दोन-तीन आठवडे झोप विस्कटेल, जेवण कमी होईल, चिडचिड होईल. तेवढं चालतं. दर रविवारी वजन करा, घसरत राहिलं तर डॉक्टर. पण एखाद्या दिवशी अचानक, काही तासांत, आई बरळायला लागली, सकाळी ओळखलं आणि संध्याकाळी नाही, किंवा दिवसभर गुंगीत राहिली, तर "नवीन जागेचं दुःख" म्हणून बसू नका. त्याच दिवशी दाखवा. लघवीचा संसर्ग, शौच तुंबणं, सोडियम कमी होणं, नवी झोपेची गोळी, बहुतेकदा यातलं काहीतरी असतं. इकडे दर हिवाळ्यात अशा आज्या उशिरा आणल्या जायच्या.

प्रेषक: अनिरुद्ध

शरयूताई, मी घर हडपायला सांगत नव्हतो. माझ्या मामाच्या घराचं सहा वर्षं कोर्टात चाललंय, म्हणून लिहिलं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होतं.

प्रेषक: शरयूताई

सांभाळण्याची अट असेल तर. तेवढीच एक ओळ लोक कागदात लिहायची विसरतात. बाकी तुझी कळकळ पोचली.

प्रेषक: प्रशांत (यादी समन्वयक)

नम्र सूचना: महालक्ष्म्या, पुरण आणि हॉल यांवरचं सगळं कृपया उत्सव समितीच्या धाग्यावर न्या. मागच्या वेळी असंच होऊन दोनशे ईमेल झाल्या होत्या.

प्रेषक: सुनंदाकाकू

प्रशांत, मीनलनं तेच विचारलंय, आम्ही कुठं न्यायचं?

प्रेषक: विलासकाका

शरयूनं "आठ दिवस" लिहिलं म्हणून लिहितो. आमच्या दादांना आम्ही सेलूहून पुण्याला तसंच आणलं. आठ दिवस म्हणालो आणि मागे भावानं घराचा सौदा केला. दादा दर सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, पिशवी घेऊन दाराशी बसायचे. "तपोवन गाडी किती वाजता?" एवढंच विचारायचे. सात महिने. मी तेव्हा इकडून फोनवर सांगायचो, दादा, उद्या. बाकी सुपर व्हिसाचं काय ते तू बघ.

प्रेषक: मीनल

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून वृषालीला लगेच फोन केला.

आबांना विचारलं, करार तुमच्या नावावर आणि भाडं पेन्शनमधून चालेल का? ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, "मग मला मालकाशी बोलू दे, साडेआठला तुटंल." आणि खरंच साडेआठला तोडलं. एक अडचण त्यांनी काढली, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला परभणीच्या बँकेत जावं लागतं. वृषालीनं सांगितलं की जीवन प्रमाणवर मोबाइलसमोर चेहरा दाखवून होतो. त्यांचं कोषागार त्यात दिसतं का, ते ती बघतेय. नसेल तर दिवाळीला जाणारच आहोत.

आई अजून हो म्हणाली नाही. यंदाच्या महालक्ष्म्या परभणीत करायच्या, एवढ्यावर मान डोलावली. पुढच्या वर्षीचं विचारलं तर म्हणाली, "मुखवटे मी बरोबर नेणार. कोठ्या राहू दे इथं." याचा अर्थ काय घ्यायचा, सुनंदाकाकू?

आणि वृषालीनं पलंग मोजला. आईचे पाय चार बोटं वर राहतात. सुतार पाय कापायला तयार आहे, पण पलंग आजोबांचा म्हणून आबा करवतीला हात लावू देत नाहीत.