'रिकर्जन'ला मराठीत काय म्हणावं? हनोईच्या मनोऱ्यावरून पडलेला प्रश्न

कृष्णाकाठ, सांगली
नववीच्या मुलांसाठी हनोईच्या मनोऱ्यावर टिपण लिहितोय. तीन खुंट्या, पहिलीवर खाली मोठी आणि वर लहान अशा चकत्या. एका वेळी एकच उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, सगळा मनोरा तिसरीवर न्यायचा. 'पुनरावर्तन' असं लिहिलं होतं, ते एका सहकाऱ्यांनी खोडलं. म्हणाले, पुनरावर्तन म्हणजे तेच ते पुन्हा करणं. इथं तसं कुठं होतंय? मग काय लिहू?

सुलभा, वाई
सहकाऱ्यांचं बरोबर आहे. तीन चकत्या घ्या. वरच्या दोन मधल्या खुंटीवर न्यायच्या, मोठी तिसरीवर ठेवायची, मग त्या दोन तिच्यावर आणायच्या. 'वरच्या दोन नेणं' हे मूळ कामच आहे, पण एका चकतीनं लहान झालेलं, आणि खुंट्यांची कामंही बदललेली. असं लहान होत होत ते शून्य चकत्यांवर थांबतं. काम स्वतःलाच बोलावतं, म्हणून मी 'स्वावर्तन' म्हणते.

```
def hanoi(n, a, b, c):
    if n == 0: return
    hanoi(n-1, a, c, b)
    print(n, a, "->", c)
    hanoi(n-1, b, a, c)
```

`hanoi(3, "A", "B", "C")` चालवून नुसते चकत्यांचे क्रमांक वाचा: 1 2 1 3 1 2 1. मधला 3 एकदाच येतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 1 2 1, म्हणजे दोन चकत्यांचा अख्खा खेळ.

मिरजवाला
'स्वावर्तन' कोण बोलतं, ताई? आमच्या ऑफिसात सगळे रिकर्जनच म्हणतात. टेबल, पेन चालतात, मग हे का नको? आणि मुलांना शब्दापेक्षा हिशोब सांगा: एक चकती वाढली की काम दुप्पट. एकीला 2, दोघींना 4, तिघींना 8.

सुलभा, वाई
एक चकती एका खेळीत जाते, दोन कुठून आल्या? दुप्पट बरोबर, पण वर एक हवा. लहान मनोरा दोनदा हलतो आणि मोठी चकती एकदा. म्हणून 1, 3, 7, 15, 31. तुमचे 2, 4, 8 येतात ते या आकड्यांत एकेक मिळवल्यावर. `2^n - 1` तिथूनच निघतं.
याहून कमीत होणार नाही, हेही मुलांना सांगा. सर्वांत मोठी चकती हलायची तर तिच्यावर काही नको आणि ती जिथं जाणार ती खुंटी रिकामी हवी. म्हणजे बाकीच्या साऱ्या उरलेल्या एकाच खुंटीवर रचलेल्या हव्यात. तो लहान मनोरा आधी पूर्ण उभा करावाच लागतो, आणि मोठी बसली की पुन्हा पूर्ण हलवावा लागतो.

हळदवाला, सांगली
माझं वेगळंच. मार्केट यार्डात पोती एकावर एक रचली की आम्ही 'थप्पी' म्हणतो. तळाचं पोतं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. तुमच्या मनोऱ्याला थप्पीच म्हणा की. रिकर्जनलाही 'थप्पी लावणं' चालेल.

कृष्णाकाठ, सांगली
दादा, मनोऱ्याला थप्पी छान बसतं, पण मी कृतीचं नाव शोधतोय.
वर्गातली एक अडचण सांगतो. चार चकत्या दिल्या की पोरं 15 खेळी बिनचूक करतात आणि मनोरा मधल्या खुंटीवर उभा राहतो. पहिली चकती तिसरीवर टाकलेली असते. चकत्या विषम असतील तर पहिली खेळी तिसरीवर, सम असतील तर मधलीवर. प्रत्येक पायरी खाली उतरताना पोचायची खुंटी आणि मदतीची खुंटी यांची अदलाबदल होते, म्हणून हा फरक. 'पुनरावर्तन' या शब्दात ही अदलाबदल कुठंच दिसत नाही, तेवढ्यासाठी तो मलाही आता खटकतोय.

जुना वाचक, कराड
मुळात लॅटिन 'रिकुरेरे', मागं धावणं. मग 'प्रत्यावर्तन' का नको? 'प्रति'त परत येणं आहे. खालच्या पायरीवरून वर परतल्याशिवाय पुढची खेळी होत नाही.
या कोड्यात आपलंही थोडं आहे. 1883 मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं ते टोपणनावानं आणलं. सोबतची दंतकथा काशीच्या देवळाची: सोन्याच्या 64 चकत्या, शेवटची बसली की जग संपणार. सेकंदाला एक खेळी धरली तरी सुमारे 58,500 कोटी वर्षं लागतील. म्हणजे साधारण 5.85 निखर्व.

मिरजवाला
निखर्व नाही, खर्व. एक खर्व म्हणजे शंभर अब्ज.

जुना वाचक, कराड
ते हिंदीतलं खरब. लीलावतीत अब्जाच्या दसपट खर्व आणि खर्वाच्या दसपट निखर्व. मराठीत लिहायचं तर भास्कराचार्यांचं धरा.

मिरजवाला
बँकेत, वर्तमानपत्रात निखर्व कधी वाचलाय का? वापरात नाही तो शब्द मुलांच्या माथी कशाला?

सुलभा, वाई
58,500 कोटी लिहिलं की दोघांचंही भागतं. 'प्रत्यावर्तन'बद्दल मात्र माझा आक्षेप आहे. त्यात नुसतं परतणं आलं, काम लहान होत जाणं आलं नाही.

जुना वाचक, कराड
'स्वावर्तना'त तरी ते कुठं आलंय?